संक्रांतीचे शुभेच्छापत्र: भावंडांना मराठी, भाचरांना इंग्रजी – मजकूर कसा असावा?

शेवंती_पुणे

नमस्कार. माझी तीन भावंडे परदेशात स्थायिक आहेत. चुलत दादा ब्रिटनमध्ये, मावसभाऊ अमेरिकेत आणि धाकटी मामेबहीण मेलबर्नला असते. तिघांनाही मराठी लिहिता-वाचता येते. त्यांची मुले मात्र तिकडेच वाढली. सर्वांत लहान सात वर्षांचा आहे आणि दादाची मुलगी एकोणीस वर्षांची. मुलांना मराठी थोडेफार समजते, वाचता येत नाही.

पूर्वी आमच्या घरून संक्रांतीला भेटकार्ड आणि त्यात चिमूटभर हलव्याची पुडी असे पाकीट सर्व नातेवाइकांना जात असे. यंदा कार्ड पुन्हा पाठवायचे ठरवले आहे. डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर इंग्रजी, असा विचार आहे. पहिला मसुदा खाली देते. इथल्या प्रथेप्रमाणे इंग्रजीही देवनागरीत लिहीत आहे; कार्डावर ते अर्थातच रोमन लिपीत छापले जाईल.

मराठी: "सप्रेम नमस्कार. आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू होत आहे. या थंडीत तिळाची स्निग्धता आणि गुळाचा गोडवा आपल्या नात्यात राहो. तिळगूळ घ्या, गोड बोला."

इंग्रजी: "हॅपी मकर संक्रांत. द सन बिगिन्स इट्स नॉर्थवर्ड जर्नी टुडे. इन धिस विंटर, मे द वॉर्मथ ऑफ सेसमी अँड द स्वीटनेस ऑफ जॅगरी रिमेन इन अवर रिलेशन. टेक तिळगूळ अँड टॉक स्वीट."

तिन्ही घरांना एकच मजकूर चालेल का, आणि खाली सही काय करावी, एवढेच विचारायचे आहे.

जुनेपान

कार्ड पाठवण्याची कल्पना उत्तम आहे. मराठी बाजूस मायना हवा, नुसते "सप्रेम नमस्कार" फार कोरडे वाटते. दादा वडील आहेत, म्हणून त्यांना "तीर्थरूप दादास, साष्टांग नमस्कार विनंती विशेष" असे लिहावे. धाकट्या भावाला "चि." आणि धाकट्या विवाहित बहिणीला "चि. सौ." लिहून "अनेक आशीर्वाद" म्हणावे. म्हणजे एकच मजकूर तिघांना जाणार नाही, हे मायन्यातच ठरून जाते.

मावळतीकर

जुनेपान, तुमचे बाकी सर्व पटले, पण "तीर्थरूप" हा मान पत्रलेखनात आईवडिलांसाठी राखून ठेवलेला आहे. इतर वडीलधाऱ्यांना, त्यात थोरला भाऊही आला, "तीर्थस्वरूप" लिहितात. दोन्हींचे लघुरूप पुष्कळदा "ती." असेच होत असल्यामुळे गोंधळ होतो. शेवंतीताईंनी नुसते "ती. दादास" लिहिले, तर हा वादच उरणार नाही.

ध्रुवतारा

मायन्याइतकाच मजकूरही तपासावा लागेल. "आजपासून उत्तरायण सुरू होत आहे" हे वाक्य शाळेत भूगोल शिकणाऱ्या मुलाला खटकेल, कारण सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो 21 किंवा 22 डिसेंबरला. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकर राशीतला प्रवेश. या दोन घटना सुमारे सतराशे वर्षांपूर्वी जवळजवळ एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलत असल्यामुळे त्यांच्यातले अंतर साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने वाढत गेले, आणि आता ते तीन आठवड्यांहून अधिक झाले आहे. आपण घरात "उत्तरायण" म्हणतो ते परंपरेने म्हणतो आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. पण इंग्रजीत तेच वाक्य खगोलशास्त्रीय विधान म्हणून वाचले जाते.

मेलबर्नच्या बाबतीत अडचण दुप्पट आहे. तिथे जानेवारी हा ऐन उन्हाळा असतो. "इन धिस विंटर" तर चुकीचे आहेच, पण सूर्य उत्तरेकडे सरकणे म्हणजे त्या मुलांच्या दृष्टीने तो दूर जाणे आणि दिवस लहान होत जाणे. आपण ज्याचे स्वागत करतो, ते तिथे उलटे घडत असते.

शेवंती_पुणे

मेलबर्नचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. मग थंडी आणि सूर्य दोन्ही काढून टाकावे का? तसे केले तर संक्रांतीत शिल्लक काय राहते, असा प्रश्न पडतो.

दूरदेशी

तिळगूळ राहतो आणि माणसे राहतात. मी बावीस वर्षांपासून परदेशात आहे, दोन मुले इथेच वाढवली, आणि भारतातून येणारी अशी कार्डे त्यांनी कशी वाचली हे जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण द्वैभाषिक पत्र लिहायला बसलो की आधी मराठी लिहितो आणि मग ते ओळीस ओळ इंग्रजीत उतरवतो. पण त्या दोन पानांचे वाचक वेगळे आहेत. मराठी पान तुमची बहीण वाचणार. तिला संक्रांत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इंग्रजी पान तिची मुले वाचणार. त्यांनी तिळाची स्निग्धता ना कधी अनुभवली, ना तिच्याबद्दल ऐकले. त्यामुळे एका बाजूला अनावश्यक आणि दुसऱ्या बाजूला अनाकलनीय, असा एकच मजकूर दोनदा छापला जातो. तुम्ही दोन पाने स्वतंत्र लिहावीत, दोघांना वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्यात, आणि फक्त एक ओळ दोन्हीकडे सारखी ठेवावी: "तिळगूळ घ्या, गोड बोला."

दुसरे म्हणजे सणाची माहिती देण्याच्या मोहात पडू नये. माहिती मुलांना कुठेही मिळते आणि ती ती वाचत नाहीत. आपल्या आईवडिलांच्या लहानपणाची एखादी बारीक गोष्ट मात्र त्यांना दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, आणि ती सांगू शकणारी व्यक्ती तुम्हीच आहात. माझ्या मुलांनी एकच कार्ड आजवर जपून ठेवले आहे. माझ्या आतेबहिणीने त्यात, मी सातवीत असताना पतंगाच्या नादात शेजारच्यांचे वाळत घातलेले पापड कसे तुडवले, ते लिहिले होते. बाकी सर्व सुंदर छापील शुभेच्छा रद्दीत गेल्या.

तिसरे, "टॉक स्वीट" कृपा करून काढा. इंग्रजीत त्याचा वास लाडीगोडी लावून काम साधण्याकडे जातो. शिवाय "टेक" आणि "टॉक" अशी दोन आज्ञार्थी क्रियापदे लागोपाठ आली, की मुलांना ती दटावणी वाटते. मराठीत ते आज्ञार्थ असूनही हुकूम वाटत नाही, कारण वाक्य ठरलेले आहे आणि ते म्हणताना हातात तीळ ठेवलेले असतात. इंग्रजीत "आपण" या अर्थाचे रूप घ्यावे: "वी गिव्ह ईच अदर तिळगूळ, अँड आस्क ईच अदर टु स्पीक काइंडली."

कोजागरी

मला थोडे वेगळे वाटते. आमच्याकडे लहानपणी "आमचे तीळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका" असे पुढे म्हणत. मुलांना यमक आवडते, म्हणून इंग्रजीतही यमक जुळवून द्यावे. मी प्रयत्न केला आहे: "टेक अ सीड, डू अ गुड डीड."

दूरदेशी

कोजागरी, यमक जुळले, पण भांडण कुठे गेले? त्या ओळीची मजा अशी की समोरच्याने भांडू नये याची तजवीज आपण तिळाच्या दाण्यावर करून घेतो. "गुड डीड" आल्यावर ती शाळेच्या फळ्यावरची सूचना होते. ती ओळ मराठीतच ठेवून फोनवर त्यांच्याकडून म्हणवून घेतली, तर "सांडू" आणि "भांडू" हे यमक त्यांना अर्थ न समजताही ऐकू येईल.

कोजागरी

ते मान्य, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला आपण फोनवर ओळ म्हणायला लावणार आहोत का?

गोदाकाठ

कार्डाबरोबर तिळगूळही पाठवणार असाल तर कुरिअरने पाठवावा की टपालाने? मला माझ्या मुलाला सिडनीला दोन किलो वड्या पाठवायच्या आहेत. पॅकिंग कसे करावे हे कोणी सांगेल का?

मावळतीकर

गोदाकाठ, धागा मजकुराचा आहे. तरी ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिथे बाहेरून येणारे खाद्यपदार्थ आणि बिया यांवर जैवसुरक्षेचे कडक नियम आहेत आणि पार्सले तपासली जातात. पाठवण्यापूर्वी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. शेवंतीताई, तुम्हीही भेटकार्डात हलव्याची पुडी घालू नका. चार दाण्यांपायी संपूर्ण पाकीट अडकू शकते. शिवाय तिळाची अ‍ॅलर्जी असलेली मुले असतात. अमेरिकेत 2023 पासून वेष्टनावर नोंदवणे बंधनकारक असलेल्या प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थांत तिळाचा समावेश झाला आहे, त्यामुळे तिथल्या मुलाला "सेसमी" म्हटले की आधी तेच आठवण्याची शक्यता असते.

शेवंती_पुणे

हलव्याची पुडी रद्द. आता सहीबद्दल कोणी सांगेल का? दादाच्या आणि मावसभावाच्या मुलांची मी आत्या, तर मामेबहिणीच्या मुलांची मावशी. एकच छापील सही चालणार नाही, हे उघड आहे. इंग्रजीत "आंट" लिहिले की प्रश्न सुटतो, पण नाते पुसट होते. आमच्या यजमानांचे बरे आहे, ते सगळीकडे काकाच.

जुनेपान

पूर्वी आत्याचे यजमान आतोबा असत. आता सर्वच काका झाले आहेत. असो.

दूरदेशी

सहीची जागा कोरी ठेवा आणि हाताने लिहा. तीनच तर कार्डे आहेत. इंग्रजी पानावरही "आंट" न लिहिता "आत्या" किंवा "मावशी" हेच रोमन लिपीत लिहावे. मुले तुम्हाला व्हिडिओ कॉलवर त्याच नावाने ओळखतात; "आंट" कोण हे त्यांना क्षणभर कळणार नाही. फक्त "आत्या"तला आ दाखवायला रोमन ए दोनदा लिहा. एकदाच लिहिला तर इंग्रजी वाचणारे मूल त्याचा उच्चार "ॲट्या" असा करते. आमच्याकडे ते एकदा घडले आणि पुढे दोन वर्षे ती बिचारी ॲट्याच होती.

हाच नियम मुलांच्या आईवडिलांनाही लागू आहे. मुले त्यांना "आई" म्हणतात की "मम", हे आधी विचारून घ्या आणि त्यांचाच शब्द वापरा.

मावळतीकर

"घ्या, बोला" की "घे, बोल" हेही ठरवायला हवे. मुलांना उद्देशून लिहिताना "घ्या" परके वाटत नाही का?

जुनेपान

पाकीट सबंध घराला जाते, म्हणून अनेकवचन योग्यच आहे. शिवाय मुलांनी ही ओळ शिकून आजीला म्हटली, तर ती "घ्या" अशीच म्हणायला हवी. "घे" शिकवले तर मूल आजीला "तिळगूळ घे" म्हणेल. आजी हसून सोडून देईल, तिच्या शेजारणी सोडणार नाहीत.

निळीशाई

मी छपाईच्या अक्षरजुळणीचे काम करते, म्हणून एक व्यावहारिक सूचना. कार्ड ज्या सॉफ्टवेअरमध्ये कराल ते देवनागरी नीट जुळवते का, हे "हार्दिक", "संक्रांतीच्या", "वर्षाव" आणि "दुसऱ्या" हे चार शब्द टंकून पाहा. जुळणी बिघडली असेल तर "हार्दिक"मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते, "वर्षाव"मधला रफार सुटून पाय मोडलेला र दिसतो आणि "दुसऱ्या"तला र विचित्र तुटतो. पडद्यावर ठीक दिसले तरी छपाईची पीडीएफ पुन्हा उघडून पाहावी, कारण फाइल दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर फॉन्ट बदलतो आणि मराठी न येणाऱ्या छपाईवाल्याला त्यातली चूक दिसत नाही. आणखी एक: अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा "मराठी" निवडली, तर काही फॉन्ट आपल्या वळणाची अक्षरे देतात; सर्वच देत नाहीत.

शेवंती_पुणे

सर्वांचे आभार. मेलबर्नच्या घरासाठी नवा मसुदा केला आहे. मामेबहिणीला आम्ही छोटी म्हणतो. ती पहिल्या संक्रांतीची होती तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तिच्या बोरन्हाणाची बोरे वेचण्यात मी सर्वांत पुढे होते.

मराठी पान: "चि. सौ. छोटीस, अनेक आशीर्वाद. तुझ्या बोरन्हाणात तुझ्या डोक्यावरून ओतलेली बोरे आणि चुरमुरे आम्ही पोरांनी वेचले, आणि तू मात्र हलव्याचा हार तोंडात घालून बसली होतीस. मामीने तो सोडवून घेईपर्यंत अर्धा संपला होता. तो फोटो मला सापडला आहे, सोबत पाठवत आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला."

इंग्रजी पान: "डिअर बोथ ऑफ यू, व्हेन युअर आई वॉज अ बेबी, शी वोअर अ नेकलेस मेड ऑफ शुगर फॉर हर फर्स्ट संक्रांत, अँड शी एट हाफ ऑफ इट. आय वॉज नाइन, अँड आय सॉ इट हॅपन. ऑन संक्रांत वी गिव्ह ईच अदर तिळगूळ, अ सेसमी स्वीट, अँड आस्क ईच अदर टु स्पीक काइंडली. से धिस टु युअर आई, अँड आस्क हर अबाउट द नेकलेस." त्याखाली "तिळगूळ घ्या, गोड बोला" ही ओळ रोमन लिपीत.

दूरदेशी

हे पत्र झाले. "जॅगरी" गाळले हे चांगले केले, तिकडच्या मुलांना त्या शब्दाने काहीच बोध होत नाही. फक्त "अ सेसमी स्वीट" हे स्पष्टीकरण सात वर्षांच्या मुलासाठी ठेवा. ब्रिटनमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पत्रात तेही नको. तिला माहीत असेल, आणि नसेल तर ती तिच्या वडिलांना विचारेल.

ध्रुवतारा

सूर्य पूर्ण गेला याचे थोडे वाईट वाटते, पण मजकूर निर्दोष आहे. तारखेबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या: कार्डावर तारीख छापू नका. संक्रमण हा एक क्षण असतो, त्यामुळे देशोदेशी त्याची तारीख बदलू शकते. 2024 साली भारतात 15 जानेवारीच्या पहाटेपूर्वी संक्रमण झाले, तेव्हा अमेरिकेत 14 तारीखच चालू होती.

मावळतीकर

आणि कार्ड उशिरा पोहोचले तरी बिघडत नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. मात्र रथसप्तमी चांद्र तिथीने येत असल्यामुळे ही सवलत दरवर्षी सारखी नसते. 2025 साली ती 4 फेब्रुवारीला होती, म्हणजे तीन आठवडे मिळाले; 2026 साली 25 जानेवारीला, म्हणजे जेमतेम अकरा दिवस. परदेशी टपालाचा भरवसा धरू नये, डिसेंबरच्या सुरुवातीलाच पाकिटे टाकावीत.

विभावरी_स

मी उशिरा आले, पण रोमन लिपीतल्या मराठी ओळीला माझा विरोध नोंदवते. माझ्या भाचीला सर्वांनी रोमनमध्येच मराठी लिहून पाठवले आणि तिने देवनागरी शिकण्याची गरजच उरली नाही असे ठरवले. ओळ देवनागरीत मोठ्या अक्षरांत छापावी आणि वाचून दाखवण्याचे काम आईवर सोपवावे.

दूरदेशी

विभावरी, माझा अनुभव नेमका उलट आहे. ज्या कार्डावर फक्त देवनागरी असते ते माझी मुले चित्रासारखे पाहतात आणि बाजूला ठेवतात. आईने वाचून दाखवावे हे खरे, पण आई त्या संध्याकाळी कामावरून किती वाजता येते यावर ते अवलंबून राहते.

विभावरी_स

मग दोन्ही छापा, देवनागरी वर आणि रोमन तिच्याखाली लहान अक्षरांत. रोमन ओळ मोठी झाली तर डोळा वर जाणारच नाही.

शेवंती_पुणे

तसेच करते. मावसभावाच्या मजकुरात अडकले आहे, कारण तो माझ्यापेक्षा बराच लहान असून त्याच्या लहानपणी मी शिक्षणासाठी बाहेरगावी होते. त्याच्याविषयीची गोष्ट मावशीलाच विचारावी लागेल. दादाच्या मुलीला वेगळे पाकीट तिच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवावे की घरच्याच पाकिटात तिचे नाव लिहावे, याबद्दल मात्र घरात दोन मते आहेत.

कोजागरी

वेगळे पाठवा. एकोणीस वर्षांच्या माणसाला स्वतःच्या नावाचे पाकीट यावेसे वाटते. फक्त त्यावर "कु." लिहू नका, तिला ते काय आहे हे समजणार नाही.

जुनेपान

आतल्या पानावर "चि." लिहिलेच पाहिजे. पत्त्यावर नको असेल तर नको.